e.g. की i.e.? आणि पूर्ण शब्द कधी लिहायचे?

मीरा_लेखन

नमस्कार मंडळी,

मी प्रयोगशाळेतल्या उपकरणांच्या इंग्रजी माहितीपुस्तिका लिहिते. मूळ मसुदा अभियंते देतात, तो वापरणाऱ्याला कळेल असा करून छपाईला पाठवायचं काम माझं. सध्या हातात असलेल्या मसुद्यात हे वाक्य आहे:

```
Clean the cover with a mild solvent (i.e., isopropyl alcohol).
```

झाकण पॉलिकार्बोनेटचं आहे. दोन शंका आहेत. पहिली, इथे i.e. बरोबर आहे की e.g. हवं? मसुदा लिहिणारा अभियंता रजेवर आहे, त्यामुळे लगेच विचारता येत नाही. दुसरी, तपासणाऱ्यांनी समासात शेरा मारलाय की ही दोन्ही लघुरूपं पुस्तिकेतून काढा आणि सगळीकडे पूर्ण शब्द लिहा. हा निव्वळ आवडीनिवडीचा मामला आहे की त्यामागे काही कारण आहे? आणि करायचंच असेल तर शोधा-आणि-बदला वापरून एका दमात करून टाकू का?

तन्मय_र

सोपं आहे. e.g. म्हणजे उदाहरणार्थ, i.e. म्हणजे 'म्हणजेच'. पुढे एकच गोष्ट असेल तर i.e. आणि दोन-चार गोष्टींची यादी असेल तर e.g. तुमच्या वाक्यात एकच द्रावक आहे, म्हणजे i.e. बरोबर. दोन्ही लॅटिन असल्यामुळे तिरप्या अक्षरांत टाका आणि पुढचा स्वल्पविराम विसरू नका, तो सक्तीचा असतो.

शाईवाला

तन्मय, अर्थ बरोबर सांगितलास, पण मोजणीचा नियम सोडून दे. उदाहरण एकच असलं तरी ते उदाहरणच राहतं, आणि i.e. च्या पुढे चार वस्तू असू शकतात, फक्त त्या चार मिळून सगळं संपलं पाहिजे. 'मूळ दिशा, i.e. पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर' यात चार नावं आहेत आणि i.e. अगदी योग्य आहे, कारण पाचवी नाही. एकूण किती नावं दिली ते पाहू नका, यादी तिथे संपते की नाही ते पाहा.

मीराताई, मी पुस्तकांच्या संपादनात बरीच वर्षं आहे. आमच्याकडे नवीन माणूस आला की त्याला एक युक्ती शिकवतो. i.e. च्या आधीचे शब्द खोडा आणि नंतरचे त्यांच्या जागी ठेवा. वाक्याचा अर्थ तसाच राहिला तर i.e. खरं. अर्थ आकसला तर तिथे e.g. हवं होतं. तुमच्या वाक्यावर हे करून पाहू.

```
Clean the cover with isopropyl alcohol.
```

आता विचारायचं ते एवढंच: झाकण पुसायला फक्त हेच चालतं का? चालत असेल तर i.e. बरोबर, पण मग 'सौम्य द्रावक' हे शब्द तिथे कशाला हवेत? दुसरं काही चालत असेल तर i.e. चूक. म्हणजे उत्तर वाक्यात नाही, झाकणाच्या प्लास्टिकमध्ये आहे, आणि ते तुमच्या अभियंत्यालाच ठाऊक.

धोका कुठे आहे तेही सांगतो. i.e. ठेवलं आणि वाचणाऱ्याने ते 'उदाहरणार्थ' असं वाचलं (असं वाचणारे पुष्कळ असतात), तर तो 'सौम्य' या शब्दाचा अर्थ स्वतःच ठरवणार. शेल्फवर अ‍ॅसिटोनची बाटली असेल, ते कमी प्रमाणात घेतलं म्हणजे सौम्यच, असं कुणाला वाटू शकतं. पॉलिकार्बोनेटवर अ‍ॅसिटोन लागलं की ते पांढुरकं पडतं, त्यावर बारीक तडे जातात, आणि ते पुसून निघत नाही.

तेव्हा अभियंता परत येईपर्यंत थांबा. त्याच्या उत्तरावरून दोनातलं एक वाक्य लिहा. फक्त तेच द्रावक चालत असेल तर:

```
Clean the cover with isopropyl alcohol.
Do not use any other solvent.
```

आणि इतरही चालत असतील तर:

```
Use a solvent that is safe for polycarbonate,
for example isopropyl alcohol. Never use acetone.
```

पहिल्यात लघुरूप नाहीच. दुसऱ्यात कोणती द्रावकं चालतील याची कसोटी वाक्यातच दिली आहे, त्यामुळे उदाहरण हे उदाहरणच राहतं.

तिरप्या अक्षरांचं म्हणशील तर तन्मय, आता बहुतेक शैलीपुस्तिका ही दोन्ही सरळच छापतात. शब्द इतके रुळले की ते परके वाटत नाहीत. स्वल्पविरामाचं पुढे बोलू, त्यात तू निम्मा बरोबर आहेस.

सुलभा_जो

मी प्रबंध लिहितेय आणि माझ्या मार्गदर्शकांनीसुद्धा असंच सगळं लाल करून पाठवलं. et al. पण काढायचं का मग? तेही लॅटिनच ना? आणि etc.? मला वाटतं हे लोक लॅटिनच्या विरोधात आहेत.

शाईवाला

सुलभाताई, धागा et al. चा नाही, तरी तुमचं काम अडू नये म्हणून सांगतो. तुम्ही एपीए शैलीत लिहीत असाल (मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र वगैरेंत तीच चालते) तर तिचा नियम स्पष्ट आहे. e.g., i.e., etc. ही लघुरूपं फक्त कंसात. कंसाबाहेर चालू मजकुरात आलात की पूर्ण इंग्रजी शब्द. et al. त्याला अपवाद, ते कंसात आणि बाहेर दोन्हीकडे तसंच राहतं. तेव्हा लॅटिनशी कुणाचं वैर नाही. कंसातला मजकूर डोळा भरभर ओलांडतो, तिथे लहान रूप सोयीचं. चालू वाक्य माणूस मनातल्या मनात उच्चारत वाचतो, तिथे 'ई जी' आलं की अडखळतो.

शिकागोची पुस्तिकाही साधारण तेच सांगते: ही दोन्ही कंसात आणि टिपांत ठेवा, बाहेर पूर्ण लिहा.

तुमच्या प्रबंधात एक जागा मात्र जपा. संदर्भ देताना कंसात नावांच्या आधी e.g. असतं, ते काढू नका. ते असलं की वाचणाऱ्याला कळतं की या विषयावर आणखीही लेखन आहे, तुम्ही त्यातलं थोडं दाखवलंत. ते काढलंत की तेवढेच संशोधक या विषयावर बोलले असा अर्थ होतो आणि परीक्षक बरोबर तिथेच बोट ठेवतात.

सुलभा_जो

हे माहीत नव्हतं. माझ्या दुसऱ्या प्रकरणात अशा जागा आहेत आणि मी आत्ताच दोन ठिकाणचं e.g. काढून टाकलं होतं. परत घालते. धन्यवाद काका.

आदित्य_प

शाईवाला काकांनी यादी संपते की नाही हे पाहा म्हटलं, त्यावर आमच्या क्षेत्रातली एक गोष्ट सांगतो. मी पेटंटचे मसुदे तयार करतो. या दोन लघुरूपांवरून अमेरिकेत एक मोठं प्रकरण गाजलं.

मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अ‍ॅलन यांच्याशी संबंधित इंटरव्हल लायसन्सिंग नावाच्या कंपनीने २०१० मध्ये एओएल, अ‍ॅपल, गूगल, याहू अशा कंपन्यांवर दावा लावला. पेटंट होतं संगणकाच्या पडद्यावर माहिती दाखवण्याच्या पद्धतीचं. दाव्यातला कळीचा शब्दप्रयोग असा की माहिती 'वापरणाऱ्याचं लक्ष विचलित न करता, नकळत' दाखवली जाते. आता 'नकळत' म्हणजे किती? एकाला जे खुपतं ते दुसऱ्याला दिसतही नाही. मग पेटंटच्या वर्णनात याचा अर्थ शोधायला लागले. तिथे कंसात एक खुलासा होता: माहिती पडद्याच्या अशा भागात दाखवली जाते जो मुख्य कामासाठी वापरात नाही. आणि त्या खुलाशाच्या आधी होतं e.g.

कंपनीचं म्हणणं होतं की हीच आमच्या शब्दप्रयोगाची व्याख्या धरा. सप्टेंबर २०१४ मध्ये फेडरल सर्किट न्यायालयाने ते मानलं नाही. लांबलचक वर्णनातलं एक e.g. उचलून त्याची पक्की व्याख्या करता येणार नाही, असा त्यांचा सूर होता. तिथे i.e. असतं तर जी स्पष्टता कमी पडतेय ती यायला मदत झाली असती, असंही निकालात म्हटलं आहे. तो शब्दप्रयोग असलेले दावे संदिग्ध ठरून बाद झाले.

मला यातलं सगळ्यात लागलेलं वाक्य सांगू? त्याच परिच्छेदात, दोन-चार ओळी आधी, i.e. दोनदा आलं आहे आणि दोन्ही वेळा व्याख्येसाठीच: संगणक निष्क्रिय असतो म्हणजे नेमकं कधी, सक्रिय असतो म्हणजे नेमकं कधी. म्हणजे लिहिणाऱ्याला फरक माहीत नव्हता असं म्हणायलाही जागा राहिली नाही.

तन्मय_र

म्हणजे पेटंटमध्ये कायम i.e. लिहिलेलं बरं?

आदित्य_प

अजिबात नाही, उलट बाजूनेही फटका बसतो. २००९ चा एडवर्ड्स विरुद्ध कुक हा निकाल पाहा. त्यात न्यायालयाने धरलं की i.e. लिहिलं म्हणजे आधीच्या शब्दाची व्याख्या करायचा लेखकाचा इरादा दिसतो. त्याने पेटंटचं क्षेत्र अरुंद झालं. व्यापक शब्द हवा असताना सहज ओघात i.e. लिहून गेलं की तो शब्द त्या एका अर्थाला बांधला जातो.

म्हणून आमच्याकडे व्याख्या करायची असेल तर 'या दस्तऐवजात अमुक शब्दाचा अर्थ असा' असं सरळ वेगळं वाक्य लिहितात, आणि उदाहरण द्यायचं असेल तर 'काही रूपांत' किंवा 'यांसह, पण यांपुरतं मर्यादित नाही' असं लिहितात. लघुरूपं मी मसुद्यात ठेवतच नाही. न्यायालयाने प्रत्येक i.e. ला व्याख्या मानलंच असं नाही, आजूबाजूचा मजकूरही पाहतात. पण तो वाद अंगावर घ्यायचा कशाला?

मीरा_लेखन

आदित्य, हे वाचून तपासणाऱ्यांच्या शेऱ्याकडे वेगळ्या नजरेने पाहतेय. माझ्या पुस्तिकेत सुरक्षेचं वेगळं प्रकरण आहे, तिथे कुठली रसायनं उपकरणाजवळ न्यायची नाहीत ते दिलंय. त्या वाक्यातही e.g. आहे. तिथे e.g. म्हणजे यादी अपुरी, असं वाचणाऱ्याने धरायचं का?

आदित्य_प

हो, आणि मनाईच्या वाक्यात ते जास्त अडचणीचं. परवानगीत यादी उघडी राहिली तर माणूस काहीतरी चालवून घेतो. मनाईत उघडी राहिली तर काय टाळायचं हेच त्याला कळत नाही. तिथे एकतर पूर्ण यादी द्या, नाहीतर कसोटी द्या: ज्वलनशील द्रव, अमुक तापमानाखाली पेट घेणारे, असं काहीतरी. आकडा तुमच्या अभियंत्याकडून घ्या.

निरंजन_श्रवण

मी पडदावाचकावर काम करतो, म्हणून ऐकणाऱ्याच्या बाजूने लिहितो. पूर्ण शब्द का लिहावेत याचं माझ्यापुरतं कारण वेगळं आहे.

वाचक आवाज प्रत्येक सॉफ्टवेअरचा आणि प्रत्येक सेटिंगचा निराळा. कुणी e.g. ची अक्षरं सुटी वाचतं, कुणी शब्दकोशातून 'फॉर एक्झाम्पल' असं नीट म्हणतं. टिंबं नसलेलं eg असेल तर ते चक्क 'एग' असं अंड्यासारखं येऊ शकतं. आणि i.e. मध्ये टिंब आलं की काही आवाज वाक्य संपल्यासारखा थांबा घेतात. मी वेगात ऐकतो, त्या थांब्याने मला वाटतं की पुढे नवीन वाक्य सुरू झालं. मग मागे जाऊन परत ऐकावं लागतं.

ब्रिटिश सरकारच्या GOV.UK ने २०१६ मध्ये ही लघुरूपं बंद करायचं ठरवलं, त्यातही हे कारण होतं. ते टिंबांशिवाय eg, ie लिहीत असत. वाचणारी सॉफ्टवेअर ते चुकीचं वाचत होती, आणि इंग्रजी पहिली भाषा नसलेल्यांनाही ते उमजत नव्हतं. गूगलची आणि मायक्रोसॉफ्टची तांत्रिक लेखनाची शैली तर सरळच सांगते की e.g. आणि i.e. टाळा, पूर्ण शब्द लिहा.

मीराताई, तुमची पुस्तिका कुणीतरी ऐकत असेल. हातात बाटली, डोळे उपकरणावर आणि कानात पुस्तिका, असं कामाच्या जागी होतंच, त्याला दृष्टी नसायलाच हवी असं नाही.

पारिजात

मी इंग्रजीतून भाषांतर करते, उपकरणांच्या पुस्तिकाच जास्त. लघुरूप असलेलं वाक्य आलं की मी लेखकाला विचारते, कारण i.e. लिहून मनात e.g. असलेले लेखक मला सतत भेटतात. आपल्याकडचे लेखक असतील तर मला कारण दिसतं. आपण बोलताना 'म्हणजे' दोन्हीकडे वापरतो. 'हलकं काहीतरी आण, म्हणजे खुर्ची वगैरे' यात खुर्ची हे उदाहरण आहे. तोच 'म्हणजे' डोक्यात ठेवून इंग्रजी लिहिलं की बोटं i.e. टाइप करतात.

विचारायला लेखक नसला तर अडचण होते. लक्ष्यभाषेत बहुतेक वेळा दोनातलं एक निवडावंच लागतं, मूळची संदिग्धता तशीच पुढे नेता येत नाही. पुस्तिका पाच भाषांत गेली तर पाच भाषांतरकार पाच निवडी करणार. मूळ लेखकाने पूर्ण शब्द लिहिले तर निदान लिहिताना एकदा तरी त्याच्या मनात येतं की आपल्याला नक्की काय म्हणायचंय.

शाईवाला

पारिजात यांनी शेवटी म्हटलंय ते माझ्याही अनुभवाचं आहे. i.e. ची दोन अक्षरं हात सहज लिहून जातो. 'दॅट इज' लिहायला बसलं की पुढचं वाक्य खरंच समान अर्थाचं आहे का हे तपासावं लागतं, आणि पुष्कळदा ते नसतं.

आता मीराताईंचा शोधा-आणि-बदलाचा प्रश्न. एका दमात करू नका. तीन गोष्टी बिघडतात.

पहिली, टिंबांशिवाय लिहिलेलं ie शोधलंत तर ते client, field, series अशा शब्दांतही सापडतं आणि सगळं बदललंत की client चं असं होतं:

```
clthat isnt
```

म्हणून टिंबांसकट आणि शब्दाच्या सुरुवातीपासून शोधा. तुमच्या लेखन-साधनात नमुना-शोध असेल तर हे दोन वापरा, पुढे स्वल्पविराम असला-नसला तरी सापडतील:

```
\be\.g\.,?
\bi\.e\.,?
```

पण हे शोधण्यापुरतंच, बदल एकेक करून हाताने.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. i.e. च्या जागी 'दॅट इज' टाकलं आणि आजूबाजूची विरामचिन्हं हलली की इंग्रजी वाक्य वेगळंच वाचलं जातं. हे पाहा:

```
Use the port i.e. port 3.
Use the port that is port 3.
```

पहिल्यात आधीचा स्वल्पविराम सुटलाय, तरी वाचणारा सांभाळून घेतो. दुसऱ्यात 'जे पोर्ट, पोर्ट ३ आहे ते' असा विशेषणासारखा अर्थ लागतो. लघुरूपाने जी चूक झाकली होती ती पूर्ण शब्दांनी उघडी पडते. दोन्ही बाजूंना स्वल्पविराम हवेत, नाहीतर वाक्यच मोडून लिहा. मी तर इथे 'पोर्ट ३ वापरा' एवढंच ठेवेन. तुम्ही तपासत जाल तेव्हा दिसेल, i.e. असलेल्या बऱ्याच वाक्यांत पहिला अर्धा भाग गाळला की काही हरवत नाही.

तिसरी, e.g. च्या जागी नेहमी 'फॉर एक्झाम्पल' लागत नाही. नामाला लगटून उदाहरणं यायची असतील तर 'सच अ‍ॅज' मोकळं वाटतं, त्याला कंसही नको:

```
metals (e.g., copper, brass)
metals such as copper and brass
```

आणि ज्या यादीच्या सुरुवातीला e.g. आहे तिच्या शेवटी etc. लावू नका. यादी अपुरी आहे हे एकदा सांगून झालं.

तन्मय_र

स्वल्पविरामाचं राहिलं काका. मी शाळेपासून e.g. नंतर स्वल्पविराम देतोय आणि आता एका सहकाऱ्याने ते सगळे काढले, म्हणे ऑक्सफर्डमध्ये नसतो.

शाईवाला

दोघेही बरोबर. अमेरिकी पद्धतीत, शिकागो आणि एपीए दोन्हींत, e.g. आणि i.e. नंतर स्वल्पविराम येतो. ऑक्सफर्डच्या प्रकाशनांत साधारणपणे येत नाही. गार्डियन वर्तमानपत्र तर टिंबंही गाळतं, eg आणि ie. म्हणून मी म्हटलं की तू निम्मा बरोबर: सक्ती आहे, पण ज्या शैलीत लिहितोस तिच्यापुरती. एकाच पुस्तकात दोन्ही पद्धती दिसल्या तर चूक. बाकी कुणाची पद्धत श्रेष्ठ यावर मी वाद घालणार नाही.

आदित्य_प

मी घालेन. स्वल्पविराम नसला की e.g. पुढच्या शब्दाला चिकटतं आणि ओळीच्या शेवटी तुटलं तर विचित्र दिसतं. मला तो हवाच.

शाईवाला

ओळ तुटण्यावर स्वल्पविराम उपाय नाही, आदित्य. तिथे न तुटणारी मोकळी जागा घाला.

सुलभा_जो

मला एक प्रश्न. viz. कुठे बसतं मग? आमच्या विभागातली जुनी पत्रकं त्यानेच भरलेली असतात.

आदित्य_प

viz. हे i.e. च्या बाजूचं, पण काम थोडं वेगळं. आधी 'तीन समित्या' असं म्हटलं आणि पुढे त्या तिन्हींची नावं दिली की viz. तिथे पूर्ण यादी अपेक्षित असते. इंग्रजीत 'namely' हा शब्द तेच काम करतो आणि कुणालाही कळतो. नव्या मजकुरात मी viz. लिहिलेलं नाही, जुन्यात दिसलं तर मात्र यादी पूर्ण आहे असं धरून वाचतो. पण पत्रक लिहिणाऱ्याने तसं धरलं होतं का, हे वेगळं पाहावं लागतं.

मीरा_लेखन

अभियंत्याशी बोलणं झालं. त्याच्या मनात e.g. होतं! इथेनॉल पाण्यात पातळ केलेलंही चालतं म्हणाला. अ‍ॅसिटोन आणि टोल्युइन दोन्ही नकोत. तेव्हा शाईवाला काकांचं दुसरं वाक्य घेतेय, थोडं वाढवून:

```
Use a solvent that is safe for polycarbonate, for example
isopropyl alcohol or diluted ethanol.
Do not use acetone or toluene.
```

सुरक्षेच्या प्रकरणात e.g. काढून पूर्ण यादी देणार आहे, ती तो मला लिहून देतोय. चालू मजकुरातली बाकीची एकेक करून बदलतेय, निम्म्याहून जास्त i.e. तर नुसती गळूनच गेली.

एकच जागा अडली आहे. शेवटी सुट्या भागांचा तक्ता आहे, त्याचे रकाने अरुंद आहेत. तिथे 'फॉर एक्झाम्पल' लिहिलं की ओळ दोनदा मोडते आणि तक्ता पुढच्या पानावर जातो. तिथे e.g. ठेवू का?

शाईवाला

ठेवा. तक्ता, टीप, कंस या जागा त्याच्याच आहेत. फक्त पुस्तिकेत सगळीकडे एकच रूप असू द्या, टिंबांसह आणि तुमच्या शैलीप्रमाणे स्वल्पविरामासह.

निरंजन_श्रवण

मी इथे सहमत नाही. तक्ता ऐकणं आधीच कठीण. रकान्याचं नाव, मग आतला मजकूर, मग पुढचा रकाना, असं एका सुरात येतं. त्यात मध्येच दोन सुटी अक्षरं आली की ती भागाच्या क्रमांकाचाच तुकडा वाटतात. तुमच्या सुट्या भागांच्या क्रमांकांत अक्षरं आहेत ना?

मीरा_लेखन

आहेत. EG ने सुरू होणारे क्रमांकसुद्धा आहेत.

पारिजात

मग रकान्याच्या मथळ्यातच 'उदाहरणं' असं लिहा ना. म्हणजे आत कुठेच लागणार नाही, आणि भाषांतरातही तो एकच शब्द बदलेल.

शाईवाला

रकान्यातल्या सगळ्याच नोंदी उदाहरणं असतील तर पारिजात यांचा उपाय माझ्यापेक्षा चांगला. काही नोंदी नेमक्या असतील आणि काही उदाहरणादाखल, तर तो मथळा खोटा ठरेल. मीराताई, तक्त्याच्या दोन-तीन ओळी इथे टाकाल का?

मीरा_लेखन

मिश्र आहेत. फ्यूजच्या ओळीत नेमका एकच प्रकार चालतो, केबलच्या ओळीत कुठलीही प्रमाणित चालते. ओळी उद्या टाकते, अभियंत्याकडून फ्यूजचं रेटिंग पक्कं करून घेतल्यावर.